इंटरनेट काढलेला टीव्ही

तीस वर्षं टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मास्तरांचा एक हट्ट होता. काम झालं की घरातल्या प्रत्येकाच्या हाती रिमोट देऊन बटणं दाबून घ्यायची, त्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. गिऱ्हाइकं वैतागत, पण मास्तर कसले ऐकतात.

त्या दुपारी शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बोलावलं. त्यांचे यजमान खिडकीशी खुर्चीत बसलेले. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, सुरुवातीला शब्द वाकडेतिकडे यायचे, मग तोंडातून ब्र नाही. डॉक्टर म्हणाले होते, बोलायचा सराव झाला नाही तर वाचा कायमची जाईल.

"मास्तर, या टीव्हीचं इंटरनेट तोडून टाका," बाई म्हणाल्या. "मी आत मशीनवर असते आणि हा आपोआप काहीतरी शोधतो. परवा पडद्यावर 'बाता बाता बाताम' लिहिलेलं. भीती वाटते हो."

"तोडतो, पण काय जाईल ते आधी ऐका, नंतर माझ्या नावानं खडे फोडू नका. यातली सिनेमाची ॲप बंद. नेटवरचे व्हिडिओ बंद. रिमोटमध्ये बोलून शोधणं बंद. टीव्हीच्या नव्या सुधारणा येणार नाहीत. चॅनेल मात्र सगळे दिसतील. ते छतावरच्या डिशमधून सेट-टॉप बॉक्समध्ये येतात, त्यांना इंटरनेट लागत नाही. टीव्ही नुसता पडदा."

"मला तेवढाच हवाय."

मास्तरांनी वायफायची नोंद पुसली, बॉक्सची एचडीएमआय वायर तपासली आणि टीव्ही लावताच बॉक्सचंच चित्र येईल अशी सोय केली. चित्र झकास आलं. बाईंनी बॉक्सच्या रिमोटवर चार चॅनेल बदलले, आवाज कमी-जास्त केला.

"आता हे." मास्तर यजमानांकडे वळले. टीव्हीचा जुना रिमोट त्यांच्या मांडीवर होता. "काका, तो आता कपाटात टाकला तरी चालेल. हा घ्या."

काकांनी तो सोडला नाही. चांगल्या हाताचा अंगठा माइकच्या बटणावर ठेवला, रिमोट तोंडाशी नेला.

"बात... म्या. लाव."

आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट होते. पडद्यावर ओळ उमटली: इंटरनेट जोडलेलं नाही.

काकांनी पुन्हा बटण दाबलं. "बातम्या लाव." पुन्हा तीच ओळ.

बाई खुर्चीपाशी येऊन बसल्या. इतके महिने हा माणूस बोलायला शिकत होता, भिंतीपलीकडे, आणि त्यांना वाटत होतं टीव्हीला भुतानं झपाटलंय. मास्तरांना तर स्वतःच्या हातांची लाज वाटली. दोन मिनिटांत त्यांनी एका माणसाचा ऐकणारा काढून घेतला होता. ते घाईघाईनं वायफायचा पासवर्ड विचारू लागले, पण बाईंना काही ऐकू येत नव्हतं.

"माझ्याशी का नाही बोललात?" त्यांनी विचारलं.

काकांना वेळ लागला.

"चुकलं की... तू... रडतेस."