घुमीचे गमबूट

आमच्या रोपवाटिकेत हंगामापुरती कामाला आलेली ती बाई. बोलायची इतकी कमी, की सगळ्यांनी तिचं नाव घुमी पाडलं. तिने तेही मुकाट्याने घेतलं. ट्रेमधली कोवळी रोपं उचलून मातीच्या पिशव्यांत लावायची, हे तिचं काम. रोप ती पानाला धरून उचलायची, देठाला बोट लागू द्यायची नाही. देठ चेपला की रोप गेलंच म्हणून समजा. तिच्या हातचं रोप मान टाकताना मी तरी पाहिलं नाही.

मोठ्या मागण्या रवाना झाल्या की हंगामी माणसांचं काम संपतं. दर वर्षी ही माणसं कधी निघून जात, आम्हाला पत्ताही नसे. या खेपेला सूनबाईच्या मनात आलं, घुमीला नीट निरोप द्यायचा. भेट म्हणून नवे गमबूट आणायचे, कारण तिच्या जुन्या बुटांत पाणी शिरत होतं. इथवर ठीक. पण सूनबाईला सगळं गुपचूप करायची भारी हौस. कोणी चकार शब्द काढायचा नाही, अशी तिने तंबी दिली.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. घुमी आली की बायका गप्प व्हायच्या. माप हवं म्हणून आमच्या टेम्पोवाल्याने तिने काढून ठेवलेले जुने बूटच उचलून नेले. घुमी मुकादमाला बूट कुठे म्हणून विचारायला गेली, तर गुपित फुटेल या भीतीने त्या शहाण्याने काय सांगावं? म्हणाला, "आता तुला त्यांचं काय काम?"

दुपारी बियांची पाकिटं भरता भरता मी पाहिलं, घुमीची जागा रिकामी. अर्धवट भरलेला ट्रे तसाच, वर ओलं गोणपाट झाकलेलं. जाताना रोपं सुकू नयेत एवढं मात्र तिने पाहिलं होतं.

मुकादमाला खोदून विचारलं तेव्हा त्याचं उत्तर कळलं. मग काठी घेतली आणि रस्त्यापलीकडे तिच्या भाड्याच्या खोलीवर गेले. ती पिशवी बांधत होती.

"न सांगता निघालीस?" मी म्हटलं.

"आजी, मला कळतं हो. आधी वस्तू काढून घेतात, मग माणूस."

मी सरळ सगळं सांगून टाकलं. बुटांचं, निरोपाचं, सुनेच्या हौसेचंही. ती खाली बसली आणि मग पहिल्यांदाच घडाघडा बोलली. कुठेच शेवटचा दिवस आधी सांगत नाहीत म्हणे. फाटकातच कळतं, उद्यापासून येऊ नको. गरज सरो, वैद्य मरो. म्हणून वारा ओळखून ती आधीच निघून जाते. कोणी हाकलण्यापेक्षा आपण गेलेलं बरं.

"मग तुला कसं जायला आवडेल?" मी विचारलं.

तिला हे कोणी विचारलं नव्हतं बहुतेक. तिने पिशवीची गाठ सोडली.

"दिवस आधी सांगा. आणि हातातलं काम माझं मला संपवू द्या."

घरी येऊन मी सुनेला समजावलं. ती रडवेली झाली, पण पोर मनाची साधी. संध्याकाळी स्वतः घुमीकडे गेली, चुकलं म्हणाली आणि परवाचा दिवस ठरवून आली.

त्या दिवशी घुमीने आपला ट्रे पुरा केला, शेवटचे क्रेट स्वतःच्या हाताने टेम्पोत चढवले. मग आम्ही भर कामाच्या वेळात सगळ्यांचे हात थांबवले. सुटी झाल्यावर निरोप ठेवला असता, तर माणसं घड्याळाकडे बघत उभी राहिली असती. माझा मुलगा "आपलं मोलाचं सहकार्य" असं काहीतरी सुरू करत होता, मी त्याला कोपराने ढोसलं. सहकार्य कोणाचंही असतं. तिने काय केलं ते सांग.

मग बायकाच बोलल्या. वाऱ्याने सावलीची जाळी फाटली तेव्हा घुमीने दाभण घेऊन ती शिवली होती. एकीचा हात दुखावला तेव्हा तिच्या वाटणीच्या पिशव्या हिनेच भरल्या, आणि तिला कळूही दिलं नाही. मुकादमाने सगळ्यांसमोर आपलं चुकल्याचं कबूल केलं. ते त्याला खडीसाखरेसारखं गोड लागलं नसणार.

मुलाने तिला खोटी आशा लावली नाही. पुढच्या हंगामात काम निघेलच असं नाही म्हणाला, पण निघालं तर पहिला निरोप तुला, आणि दुसरीकडे कोणी विचारलं तर माझं नाव सांग. फोन नंबर तिथेच एकमेकांचे घेतले.

घुमीने नवे बूट तिथेच पायात घातले. एक बोट जागा जास्त आहे म्हणाली. टेम्पोवाल्याने माप घेऊनही चूक केली, त्यावर बायका पोट धरून हसल्या.

तो तिला गाडीतळावर सोडणार होता, पुढच्या सीटवर बसवून. पण बाई निघेल तर शपथ. फाटकात उभी राहून मला सांगत बसली, नव्या रोपांना दुपारचं पाणी घालू नका, कोपऱ्यातला नळ घट्ट होत नाही, त्या दुखऱ्या हाताच्या बाईला वजन उचलू देऊ नका. टेम्पोवाला हॉर्न वाजवून थकला. तिने त्याला हातानेच थांब म्हणून सांगितलं आणि नळाचं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.