दोष वायरचा होता

नाशिकरोडच्या घरून मी फोनवर एक उतारा वाचून कॉल सेंटरच्या नोकरीची आवाजचाचणी देत होते.

"खरखर येतेय. धापही लागतेय तुम्हाला. जमणार नाही," पलीकडच्या मॅडम म्हणाल्या.

इअरफोनच्या वायरीवरचा माइक मी तोंडाशी घट्ट धरला, तर त्याचंच बटण दाबलं जाऊन कॉल कट झाला. ते बटण माइकची तार शॉर्ट करतं आणि फोन त्याला कॉल तोडायचा हुकूम समजतो.

मी लगेच परत फोन लावला. "मॅडम, माझा आवाज चांगला आहे. वायर ओढणीला घासते, तो थरथराट वायरीतूनच माइकपर्यंत जातो. श्वासही थेट त्याच्या भोकावर आदळतो."

माइक चिमट्याने गळ्याशी, तोंडापासून बाजूला अडकवला आणि न विचारता अख्खा उतारा पुन्हा वाचला.

"आता स्वच्छ येतंय," त्या म्हणाल्या.

नोकरी मिळाली नाही. पण आवाज खराब असल्याचा शेरा मी त्यांना खोडायला लावला.