गोंदियावरून, एकटी

नागपूरच्या एका शाळेचं मुलाखतीचं पत्र हातात पडलं तेव्हा मध्ये दोनच दिवस होते. मुलाखत सकाळी अकरा वाजता. दादा फॅक्टरीत कामाला होता आणि त्या आठवड्यात त्याला सुट्टी मिळणार नव्हती.

"इटारसीला मध्यरात्री गाडी बदलावी लागते," तो म्हणाला. "तू एकटी काय करशील तिथं? राहू दे. पुढच्या वेळी बघू."

"पुढची वेळ कोण देऊन राहिलं मला?"

 दुसऱ्या दिवशी मी स्टेशनवर चौकशीच्या खिडकीशी उभी राहिले. आतल्या बाबूंनी टाइमटेबल पुढे सरकवलं. आमच्या स्टेशनापासून इटारसीवरून नागपूर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. नैनपूर, बालाघाट करत छोट्या लाइनीने, म्हणजे अरुंद रुळांच्या गाडीने, गोंदिया आणि तिथून पुढे मोठ्या गाडीने गेलं, तर साडेतीनशेच्या थोडं वर. अंतर कमी म्हणून भाडंही कमी.

"लेकिन दीदी, छोटी लाइन हर स्टेशन पे रुकती है," बाबू म्हणाले. "गोंदिया पहुँचते शाम हो जाएगी."

मला तेच हवं होतं. गोंदियाला मावशी राहायची. रात्री तिच्याकडे मुक्काम, पहाटेच्या गाडीने नागपूर. बाबूंनीच सांगितलं, रात्र थांबायचं तर तिकीट गोंदियापर्यंतच घ्या, पुढचं तिथे काढा.

घरी सगळं कागदावर मांडून दाखवलं. दादा चिडला. "एका रात्रीचं काम, त्याला दीड दिवस घालवशील? काहून एवढा हट्ट?"

"इटारसीवरून तू जाऊ देत नाहीस. मग दीड दिवस माझा मी घालवीन."

आईने दशम्या बांधून दिल्या.

सकाळी गावाबाहेरचा ग्वारीघाटचा पूल ओलांडला आणि मी खिडकीशी ऐसपैस बसले. शिकारा, घंसौर, गाडी खरंच प्रत्येक ठिकाणी थांबत होती. नैनपूरला तर छिंदवाड्याकडून येणाऱ्या गाडीसाठी दीड तास उभी राहिली. समोरच्या बाई तीनदा म्हणाल्या, "अकेली हो?" तिसऱ्यांदा मी जरा जोरातच म्हटलं, "हाँ, अकेली." गोंदियाला पोचले तेव्हा दिवे लागले होते. मावसाजी फलाटावर येऊन ताटकळत होते.

दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच मी शाळेच्या फाटकात होते. मुलाखतीत एका सरांनी विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"कोणी नाही."

"नोकरीतही एकट्याच राहाल?"

"शिकवायला तर एकटीलाच उभं राहायचंय, सर."

ते हसले नाहीत. पण महिन्याभराने नेमणुकीचं पत्र आलं.

रुजू व्हायला निघाले तेव्हा दादा तिकीट काढायला सोबत आला. खिडकीपाशी थांबून त्याने विचारलं, "गोंदियाचंच ना?"

"नाही," मी म्हटलं. "इटारसीवरून नागपूर. एकच तिकीट."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. त्याने पैसे आत सरकवले.