मणी कंडक्टरचं अपेक्षित उत्तर

चाळिशीला टेकल्यावर मणी कंडक्टरच्या बायकोनं परीक्षेचं खूळ डोक्यात घेतलं, तेव्हा गल्लीला आयतंच खाद्य मिळालं. कामाक्षी घरी हिंदीची शिकवणी घ्यायची. त्या वर्षांत तंजावरात घरोघर केबलची वायर आली होती, पोरांना मुंबई-दिल्लीच्या नोकऱ्या दिसू लागल्या होत्या, आणि ज्या घरांत कधी हिंदीचं नाव निघत नव्हतं तिथल्या आया पोरांचे कान धरून कामाक्षीच्या दारात आणून सोडत होत्या. गावाबाहेर नवी इंग्रजी शाळाही निघाली होती. तिथे तिला घेतो म्हणाले, पण शिक्षक-प्रशिक्षणाची परीक्षा पास झालात तर.

एकदा ती नापास झाली होती. लेखी पेपर सुटले, परीक्षकासमोर वर्गात द्यायचा पाठ बुडाला. तिला तयार करणारे कृष्णमूर्ती सर कागदावर बोट आपटून म्हणाले होते, "अम्मा, उद्देश्य काय लिहिलं तुम्ही? 'विद्यार्थ्यांना समजेल.' समजलं हे परीक्षक कसं बघणार? डोकं उघडून? 'सांगू शकेल' लिहा, 'ओळखू शकेल' लिहा. आणि जे उद्देश्यात लिहिलं, तेच शेवटी मूल्यांकनात विचारायचं. तुम्ही शिकवलं लोटा-गिलास, आणि विचारलं अनेकवचन!"

म्हणून मग दुसऱ्या खेपेला सरावाचे कागद सुरू झाले. प्रत्येक कागदावर तीच शिडी: उद्देश्य, विधि, सहायक सामग्री, पूर्वज्ञान, प्रस्तावना, पाठ, मूल्यांकन, घरचा अभ्यास. मधे उभे रकाने. एकात बाई काय करणार, दुसऱ्यात मुलांचं अपेक्षित उत्तर, तिसऱ्यात फळ्यावर काय लिहायचं. सगळं तयार, फक्त मुलं नव्हती. शिकवणीची पोरं सरावाला बसवावीत तर त्यांना सगळं आधीच येत होतं. ज्याला काडीचं हिंदी येत नाही असा विद्यार्थी हवा होता. तो घरातच होता, पापनाशमच्या बसवर दिवसभर "पोलाम्, राइट!" असं बस सोडताना ओरडून घसा बसवून आलेला.

मणी म्हणजे तोंडाचा पट्टा. त्याच्या बसमध्ये म्हाताऱ्या तिकिटापेक्षा त्याच्या बडबडीसाठी चढायच्या. घरात तो चार पिढ्यांमागची मराठी बोलायचा, बाहेर तमिळ, आणि लिहावाचायचं झालं तर तेही तमिळच. देवनागरी त्याला मुंग्यांची रांग वाटायची. संध्याकाळी लुंगीसारखी वेष्टी खोचून तो दारापुढच्या ओट्यावर, तिण्णईवर, मांडी घालून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "शाळेत आहे मी. बोलवू नका, बाई मारतात."

"यह क्या है?" कामाक्षी पितळी चेंबू वर धरून विचारायची. हिंदीतला लोटा हा घरातला चेंबूच.

"चेंबू."

"अहो, प्रत्यक्ष पद्धत आहे! घरची भाषा आणायची नाही मधे. वस्तू दाखवायची, हिंदीतच नाव सांगायचं. 'यह लोटा है' म्हणा."

"बाई, मुतायला जाऊ?"

समोरच्या ताराबाई कठड्याला टेकून हसून हसून बेजार व्हायच्या. त्यांच्या घरी तेव्हा वेळेवर भात शिजत नसे, असं गल्ली म्हणते.

एकदा ती कागद मोठ्यानं वाचत होती, "छात्र शुद्ध उच्चारण की चेष्टा करेंगे."

मणी उठून उभाच राहिला. "हे मात्र मला जमतं, कामू! चेष्टा मी करणार. लिही माझं नाव."

"हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न हो!"

"आणि ते आधी काय वाचलंस? शिक्षा विभाग? शिक्षा तर मी भोगतोच आहे की रोज."

पुढे पुढे त्याला एक उत्तर सापडलं. टीव्हीवरच्या कुठल्याशा शाळेत पोरांना आपल्या बाईंशी बोलताना ऐकलं, आणि ते त्यानं असं धरलं की सोडेना. कामाक्षीनं काहीही विचारलं की तो छाती पुढे काढून ओरडायचा, "जी, बहनजी!"

"बहीण म्हणता बायकोला? लाज नाही?"

"जी, बहनजी!"

जेवायला येता? जी, बहनजी. दूध आणलं का? जी, बहनजी. डेपोतले कंडक्टरही त्याला बहनजी म्हणून हाक मारू लागले. कामाक्षी वरून चिडायची आणि चुलीपाशी जाऊन पदर तोंडाला लावून हसायची. कारण त्यानंतर, भांडी आवरताना, तो हळूच "कामू" म्हणायचाच. घरात थोरल्या माणसांसमोर "अगं", रस्त्यावर "ऐकलंस का", आणि दोघंच असताना कामू. लग्न झाल्यापासून तसंच.

पोंगल झालं, घरातला ऊस अजून संपला नव्हता. पापनाशमच्या स्टँडवर तिकिटांचा हिशेब देता देता मणी शब्द चाचपडायला लागला. ड्रायव्हरला वाटलं नेहमीसारखी गंमत करतोय. मग हातातली शिट्टी पडली आणि मागोमाग तो.

मोठ्या इस्पितळातून घरी आणला तेव्हा उजवा हात लोंबत होता, पाय ओढत होता. कामाक्षी जवळ बसली आणि म्हणाली, "पाणी देऊ?"

त्याचे ओठ हलले. कपाळावर शीर उठली. बऱ्याच वेळानं शब्द आले, अगदी स्वच्छ.

"जी, बहनजी."

ती हसली. गल्लीही हसली. मणी कंडक्टर यमाचीही चेष्टा करून आला म्हणाली. हसू दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं की त्याच्याजवळ तेवढंच उरलं आहे. मराठी नाही, तमिळ नाही. भूक लागली तरी तेच, दुखलं तरी तेच. डॉक्टरांनी तिला समजावलं, "त्यांना सगळं समजतंय. शब्द सापडत नाहीत. जे पुन्हा पुन्हा म्हटलेलं असतं ते आपोआप बाहेर येतं, त्यांच्या मनात काही वेगळंच असतं. बोलत राहा. घाई करू नका."

घाई करू नका, एवढंच काय ते तिच्या कानात राहिलं नाही. बोलत राहायचं म्हणजे शिकवायचं, आणि शिकवणं तर ती रात्रंदिवस घोकत होती. तिनं एक कोरा कागद घेतला आणि रकाने आखले. विधि: प्रत्यक्ष. सहायक सामग्री: चेंबू, फूल, शिट्टी, लग्नातला फोटो. उद्देश्य लिहिताना हात थबकला. सर म्हणत, मोजता येईल असं लिहा. तिनं लिहिलं: विद्यार्थी पत्नीला नावानं हाक मारू शकेल.

रोज संध्याकाळी तिण्णईवर पाठ व्हायचा. आता भाषा घरची होती. चेंबू दाखवायचा, नाव सांगायचं, त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं. शेवटी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ती विचारायची, "मी कोण?" आणि उत्तर ठरलेलं यायचं. येताना मणीचा चेहरा पिळवटायचा. चूक निघतेय हे त्यालाच पहिल्यांदा कळायचं.

"रागावू नको गं त्यांना," ताराबाई म्हणाल्या.

"रागावत कुठे आहे? पाठ घेते," कामाक्षी म्हणाली.

ठरल्या दिवशी मणीला ताराबाईंच्या हवाली करून ती तिरुवैयारुच्या शाळेत परीक्षेचा पाठ द्यायला गेली. परीक्षक मागच्या बाकावर. तिची मांडणी या वेळी चोख होती. सरावाच्या कागदावरचं एक अक्षर सुटलं नाही, अगदी मुलांना बाईंना 'बहनजी' म्हणायला शिकवण्यासकट. मूल्यांकन आलं. तिनं लोटा वर धरला. "यह क्या है?"

एक शेंबडी पोर उठली आणि म्हणाली, "यह लोटा है, बहनजी."

मग दुसरं उठलं, मग तिसरं. कालपर्यंत हिंदी न ऐकलेली पोरं, एका तासात. गिलास है, बहनजी. फूल है, बहनजी. सगळा वर्ग जणू तिच्यावर धावून आला. ती फळ्याकडे वळली आणि आधीच लिहिलेली वाक्यं पुन्हा गिरवत राहिली, डोळे कोरडे होईपर्यंत. पाठ पुरा झाला. परीक्षकांनी मान डोलावली. "छान. फक्त फळ्याकडे जरा जास्त वेळ वळून राहता."

बसमधून येताना तिच्या मनानं भलतीच उडी घेतली. त्या पोरांना जमलं, तर यांना का नाही? आजच जमेल. पाठ आज हातात बसला आहे. घरी आली, पायही धुतले नाहीत. पिशवीतून वस्तू काढून तिण्णईवर मांडल्या. मणी तिला बघून उजळला होता. सबंध दिवस दाराकडे डोळे लावून बसला होता, असं ताराबाई सांगतच होत्या.

"हे काय?"

"जी, बहनजी."

"नीट बघा. चें... चें..."

"जी, बहनजी."

"बरं, राहू द्या. मी कोण? सांगा. का... का..."

मणीनं डोळे मिटले. मान ताणली. डाव्या हातानं तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. ओठ जुळले, उघडले. तिला वाटलं, आलं.

"जी, बहनजी."

"बहनजी म्हणू नका!" ती किंचाळली. "मी बहीण आहे का तुमची? त्या शेंबड्या पोरांना येतं, आणि तुम्हाला एवढं येत नाही? एक शब्द? बास झालं. तोंडावर बोट! एकदम गप्प!"

शिकवणीच्या दंगेखोर पोरांना ती रोज असंच म्हणायची. तोंडातून गेलंही तसंच, आपोआप. गल्लीत जो तो होता तिथे थांबला. मणीनं तिचं मनगट सोडलं. डावा हात हळू वर गेला आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

त्यानंतर मणी बोलला नाही.

आधी तिला वाटलं रुसलाय. लग्नाच्या पहिल्या वर्षी नाही का, दोन दिवस रुसला होता. पण रुसलेला माणूस जेवणावर राग काढतो. हा मुकाट जेवायचा, तिच्याकडून तोंड पुसून घ्यायचा, तिच्याकडे मायेनं बघायचा. फक्त तोंड उघडायचं झालं की ते आधीच मिटलेलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं, वाट बघू. कामाक्षीनं तो कागद चुलीत घातला. चेंबू वर ठेवून दिला, आणि पाण्याला प्लॅस्टिकचा मग आणला.

निकाल कृष्णमूर्ती सरांनीच आणून दिला. पास. पाठाला चांगले गुण. नव्या शाळेत जूनपासून रुजू व्हायचं. गल्लीभर मैसूरपाक वाटला गेला, ताराबाईंनी तिची दृष्ट काढली. सर जाताना मणीचा खांदा थोपटून म्हणाले, "तुमच्यावरच शिकल्या हो या." मणी हसला. अर्ध्याच तोंडानं, पण हसला.

सगळे गेल्यावर कामाक्षीनं मैसूरपाकाचा तुकडा त्याच्या तोंडात घातला आणि त्याच्या पायाशी, तिण्णईच्या खालच्या पायरीवर बसली. विजेच्या तारेवर पोपटांची रांग कलकलत होती.

"गोड आहे ना?" तिनं विचारलं. मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "म्हणा ना. तेच म्हणा. बहीण म्हणा, काहीही म्हणा. मी बरोबर धरीन. एकदा म्हणा हो."

मणीनं डाव्या हातानं तिचे गाल पुसले, आधी एक, मग दुसरा, नीट, सावकाश. मग तोच ओला हात वर नेऊन ओठांवर बोट ठेवलं, आणि बाईंचं ऐकणाऱ्या शहाण्या मुलासारखा तिच्याकडे बघत बसला.