राखून ठेवलेले दोन दिवस

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्यापैकी कुणीही हातातलं काम खाली ठेवलं नाही. शनिवारची सकाळ होती. मुरबाडहून भाऊंची मुलगी रेखा बोलत होती. बोलत होती म्हणजे रडतच होती... मी फोन ठेवला आणि म्हटलं, ''भाऊ गेले.'' यशवंत लोखंडी फ्रेम घासत होता. त्याने मान वर केली आणि म्हणाला, ''थांब. परत फोन येल.'' तो थट्टा करत नव्हता. मंगलही पत्र्यावर पॉलिश पेपर फिरवत राहिली, मी ब्रश घेऊन अर्धं राहिलेलं अक्षर भरायला बसले. इतक्या वर्षांत भाऊंची कुठलीच गोष्ट पहिल्या फोनवर कायम झाली नव्हती. दुसरा फोन आला तो रेखाच्या नवऱ्याचा. दुपारी भाऊंच्या गावी, शेणव्याला आणतोय, म्हणाला. तेव्हा यशवंतने मशीन बंद केलं आणि आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता हात धुवायला गेलो.

भाऊ म्हणजे दामोदर भोईर, आमच्या शहापूरच्या बोर्डांच्या कारखान्याचे मॅनेजर. मालक कल्याणला असायचे, त्यामुळे कारखाना म्हणजे भाऊच. शाळांचे, ग्रामपंचायतींचे, रस्त्याकडेचे, देवळांचे फलक आम्ही करतो. फ्लेक्स आल्यावर हा धंदा बुडणार असं सगळे म्हणत होते, पण उन्हापावसात टिकायचं तर पत्र्यावर हाताने रंगवलेलंच हवं, असं म्हणणारी गिऱ्हाइकं अजून आहेत. यशवंत फ्रेम जोडतो, मंगल पत्रा घासून अस्तर देते, अक्षरं माझी. मी मुरबाडकडची, चित्रकलेच्या परीक्षा दिलेली, आणि तोंडाने फटकळ. भाऊंनी मला कामावर घेतलं ते म्हणे अक्षर बघून. आठ दिवसांनी म्हणाले, ''तोंड आधी ऐकलं असतं तर विचार केला असता गो.''

भाऊंची एक खोड होती आणि तिने आमचा जीव खाल्ला. काम हाती आलं की आम्ही पत्र्याच्या एका तुकड्यावर नमुना करायचो. खालचा रंग, अक्षराचा रंग, अक्षराची जाडी, सगळं त्यात. भाऊ तो टेबलावर ठेवून न्याहाळायचे, गिऱ्हाइकाला दाखवायचे, मागच्या बाजूला खडूने बरोबरची खूण करायचे आणि म्हणायचे, ''झालं. फायनल. आता बघायला नको.'' आम्ही कामाला लागायचो. पत्रा घासायचा, अस्तराचा हात, मग ऑइलपेंटचे दोन हात, प्रत्येक हात वाळायला एक दिवस. त्यावर सूत ओढून रेघा मारायच्या, अक्षरं खडूने आखायची आणि मग रंगवायची. सगळं झालं, टेम्पो दारात लागला, की भाऊ म्हणायचे, ''एकदा भिंतीला टेकव.'' बोर्ड कंपाउंडच्या भिंतीला टेकवला जायचा. भाऊ रस्ता ओलांडून पलीकडे चहाच्या टपरीपाशी जाऊन उभे राहायचे, कमरेवर हात ठेवून बघायचे... आणि त्यांनी डोकं खाजवलं की यशवंत टेम्पोवाल्याला हातानेच थांबवायचा. परत येऊन अगदी मऊ आवाजात म्हणायचे, ''नाय रे. असं नको.''

सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावाने पायवाटेचे फलक सांगितले होते, तेव्हाची गोष्ट. गर्द हिरव्यावर पांढरी अक्षरं. गावकऱ्यांनी पसंत केलं, भाऊंनी खूण केली. श्रावण चालू होता, हवेत ओल, एकेक हात वाळायला दोन-दोन दिवस लागत होते. ते सगळे फलक उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो येणार तर आदल्या दिवशी भाऊ टपरीपासून परत आले ते मान हलवतच. भिंतीमागे मोठं ऐनाचं झाड आहे, त्याच्यापुढे हिरवे फलक दिसतच नव्हते म्हणे. ''पिवळा करा. काळी अक्षरं.'' मी ब्रश खाली आपटला. हिरव्यावर सरळ पिवळा मारला तर खालचा हिरवा वर दिसत राहतो, म्हणून आधी सगळं पुन्हा घासायचं, मग पांढऱ्याचा एक हात, मग पिवळ्याचे दोन, मग अक्षरं नव्याने. शिवाय खालचा थर आतून ओला असताना वरचा चढवला की रंगाला सुरकुत्या पडतात. तशा त्या पडल्याही. दोन फलक मुळापासून खरवडावे लागले. भाऊंनी स्वतः गावकऱ्यांना फोन करून मुदत मागून घेतली, शिव्याही खाल्ल्या. त्याच रविवारी कसाऱ्याला यशवंतच्या बहिणीचा साखरपुडा होता. तो पोचला तेव्हा मांडवातल्या खुर्च्या उचलत होते.

दुसऱ्या दिवशी तो भाऊंसमोर उभा राहिला. ''भाऊ, तुमी आधी हो बोलता नि मंग बदलता. आमी काय माणसं नाय का? रस्त्यापलीकडं जाऊन बघायचं तं नमुना हाय तेव्हाच बघा ना!'' भाऊ खाली बघत म्हणाले, ''नमुन्यात मना दिसत नाय रे. पुरं झाल्याबिगर दिसतच नाय. मी काय करू?'' हे त्यांनी इतकं खरं सांगितलं की पुढे भांडता येईना. नंतर ते पेढे घेऊन कसाऱ्याला जाऊन आले, यशवंतच्या आईची माफी मागितली, आणि निघताना दाराकडे बघून म्हणाले, चौकटीला दुसरा रंग बरा दिसला असता. यशवंतला हसू आलं म्हणून, नाहीतर तो त्या दिवशी काम सोडणारच होता.

ते पिवळे फलक चांगले दिसले की नाही? दिसले. पण गावातला एकजण मला म्हणाला, हिरवेही चालले असते. आणि भाऊ प्रत्येक वेळी बरोबर असायचे असंही नाही. एका शाळेच्या फलकाची अक्षरं त्यांनी मोठी करून घेतली, सगळं नव्याने झाल्यावर पलीकडून पाहिलं आणि म्हणाले, ''पहिलंच बरं होतं.'' मी त्या दिवशी जेवले नाही.

मग आम्ही शहाणे झालो. टेम्पो गुरुवारी यायचा असला की भाऊंना मंगळवार सांगायचा. मालकांच्या कल्याणच्या ऑफिसातल्या बाईंनाही आम्ही सामील करून घेतलं. भाऊ मंगळवारी फलक टेकवायला लावायचे, पलीकडे जायचे, डोकं खाजवायचे, बदल सांगायचे, तो बहुतेक अक्षरांपुरताच असायचा. आम्ही वाद न घालता ''टेम्पोवाल्याला थांबवतो'' म्हणायचो आणि कामाला लागायचो. पुन्हा बदललं तरी दिवस हातात असायचा. सगळ्यांचे सणवार सांभाळले जाऊ लागले, भाऊही खूश. माझी माणसं मनात आणलं तर काय वाटेल ते करतात, असं ते बाहेर सांगत फिरायचे आणि आम्ही गालातल्या गालात हसायचो.

यंदा भात निसवून लोंब्या दिसायला लागल्या तेव्हा भाऊंच्या छातीत दुखायला लागलं. कल्याणच्या डॉक्टरांनी बायपास करायला सांगितलं, आणि लवकर. भाऊ लगेच हो म्हणाले. कागदांवर सह्या केल्या, रेखाला म्हणाले, ''झालं. फायनल.'' ती हे आम्हाला फोनवर सांगत होती आणि मला टपरीपाशी डोकं खाजवणारे भाऊ दिसत होते. यशवंत रक्त द्यायला गेला. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ट्रॉली आली, नर्सने अंगावर हिरवी चादर टाकली, आणि भाऊ उठून बसले. नको म्हणाले. आता नको, भात कापून झाल्यावर बघू. डॉक्टर रागावले, रेखा रडली, जावई पाया पडला. शेवटी स्वतःच्या जबाबदारीवर जातोय असं लिहून देऊन त्यांना मुरबाडला रेखाकडे आणलं.

मी भेटायला गेले ती भांडायलाच. ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते, अंग निम्मं झालेलं. मी म्हटलं, ''भाऊ, हा काय बोर्ड हाय का?'' त्यांनी अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाले, ''डॉक्टरच्या टेबलापाशी सगळं बराबर वाटलं गो. तिथं ट्रॉलीवर निजलो तवा दिसलं... का मी उठलोच नाय तं?'' मी मुरबाडला गेले होते ते चार शब्द सुनवायला. त्याऐवजी मी खुर्चीपाशी खाली बसले. त्यांचा हात हातात घेतला. त्या हाताला ऑइलपेंटचा वास नव्हता, हे मला सहन झालं नाही.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल, भाऊंचाच फोन आला. आवाज मोकळा होता. ''सुनीता, करून घेतो म्हणतो. पहिलंच बरं होतं.'' मी हसले आणि रडलेही. डॉक्टरांनी सोमवारची तारीख दिली होती. मी म्हटलं, ''भाऊ, आता बदलू नका.'' तर म्हणाले, ''नाय बदलत. पण डॉक्टरनं तारीख खरी सांगितली हाय ना? का तुमच्यासारखी दोन दिस आधीची?''  ''मना म्हाईत हाय सगळं,'' म्हणाले, ''पहिल्या खेपेपासून म्हाईत हाय. बरं केलंत... तुमी दिस ठेवलेत म्हणून मी बदलत गेलो.''

सोमवारच्या आधीचा शनिवार म्हणजे रेखाचा फोन आला तो शनिवार.

मला राग कुणाचा येतो तेच कळत नाही. भाऊंचा येतो, अजून येतो. पुरं झाल्याशिवाय दिसत नाही म्हणणारा माणूस, त्याने शरीराच्या बाबतीतही तसंच करावं? पण त्याहून जास्त हे आत सलत राहतं, की ते दुसऱ्यांदा हो म्हणाले होते. बदलून पहिल्यावर आले होते, शाळेच्या फलकासारखेच. आम्ही त्यांना एवढी वर्षं बदलायला दिवस काढून दिले, त्यांना त्याची सवय लागली, आणि जिथे खरे हवे होते तिथे तारीख आमच्या हातात नव्हती. तिथे कुणीच काही राखून ठेवलेलं नव्हतं.

शेणव्याच्या शाळेचा फलक हे भाऊंनी पसंत केलेलं शेवटचं काम. निळ्यावर पांढरं. नमुन्यामागची खडूची खूण पुसली जाऊ नये म्हणून मंगलने तो नमुना खिळ्याला उंच टांगलाय. फलक गेल्या मंगळवारी पुरा झाला. नवे मॅनेजर अजून आलेले नाहीत, कुणी काही विचारणार नव्हतं. तरी यशवंतने तो उचलून भिंतीला टेकवला, आणि आम्ही तिघं रस्ता ओलांडून टपरीपाशी जाऊन उभे राहिलो. यशवंतने कमरेवर हात ठेवले. टपरीवाल्याने न सांगता चहा दिला. तसे आम्ही किती वेळ बघत होतो... चांगला दिसत होता. त्यात बदलण्यासारखं काहीच नव्हतं.

''टेम्पो कधी बोलवलाय?'' मी विचारलं.

''गुरवारी,'' यशवंत म्हणाला. ''दोन दिस हायेत.''