डोडोला मूर्ख म्हणालो, त्याची गोष्ट

नेरच्या शाळेत लागलो तेव्हा मी तापट होतो, हातात कायम छडी, आणि फळ्यावर एकदा लिहिलं की ते ब्रह्मवाक्य, असा माझा खाक्या. साठ-एकसष्ट साल असेल. विज्ञानाच्या तासाला मी लिहिलं होतं, ‘मॉरिशस बेटावरचा डोडो पक्षी मूर्ख होता, म्हणून नष्ट झाला.’ माणूस काठी घेऊन जवळ आला तरी तो पळत नसे. मग दुसरं काय म्हणायचं?

मॅट्रिकच्या चाचणीत तोच प्रश्न घातला. शेवटच्या बाकावर बसणारी, तांड्यावरून चालत येणारी एक मुलगी होती. तिनं लिहिलं, ‘डोडो मूर्ख नव्हता. बेटावर त्याला खाणारं जनावरच नव्हतं, तर तो भिणार कोणाला?’ पुढचं न वाचताच मी लाल शाईनं भोपळा दिला. त्यापायी ती दोन गुणांनी नापास झाली. चाचणीत नापास झालेल्यांचे मॅट्रिकचे फॉर्म शाळा पाठवत नसे, आणि फॉर्म गेला नाही तर तिचं लग्न उरकायचं, असं घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले.

‘गुरुजी, पोरगी जेवून नाही राह्यली. तिचं चुकलं काय, थे तं सांगा.’

मी ऐटीत समजावलं. डोडोला उडता येत नव्हतं, घरटं जमिनीवर, अंडं एका वेळी एकच. जहाजांतून माणसांबरोबर उंदीर, डुकरं, माकडं उतरली. त्यांनी अंडी फस्त केली, माणसांनी जंगल तोडलं.

‘एकच अंडं?’

‘एकच, असं म्हणतात.’

‘आमची खुडूक कोंबडी बारा अंड्यांवर बसते. मुंगसानं सहा नेले तरी सहा उरते. याचं एकच, थेही जमिनीवर. वंश चालन कसा? अन् कोंबडीची जात पिढ्यान्‌पिढ्या मुंगसाले भेत आली. याच्या बापजाद्यानं तं असं जनावर पाह्यलंच नाही. मंग मूर्ख कायले, गुरुजी?’

मी तिचा पेपर काढून वाचला. भोपळ्याखाली तिनं दुसऱ्या बेटांचंही लिहिलं होतं: बकऱ्यांनी झाडोरा खाल्ला, उंदरांनी कासवांची अंडी खाल्ली, आणि ‘पळून जायला त्यांना दुसरं रान नव्हतं.’ हे सारं मीच शिकवलं होतं, आणि एका शब्दासाठी अडून बसलो होतो. मला स्वतःचीच चीड आली.

हेडमास्तरांकडे गेलो. ‘चूक माझी आहे,’ म्हणालो.

‘आता गुण वाढवले तर लोक बोलतील, मास्तर.’

‘बोलू द्या.’

तिचा फॉर्म शेवटच्या दिवशी गेला. दुसऱ्या सकाळी वर्गात मी सांगितलं की डोडो मूर्ख नव्हता, मी चुकीचं लिहिलं होतं. पोरं खाली माना घालून हसली. ती मात्र दप्तर उचलून पहिल्या बाकावर येऊन बसली, अगदी माझ्या छडीजवळ. तिला माझी भीती वाटत नव्हती, आणि त्याचं मला फार बरं वाटलं. त्या दिवसानंतर छडी मी घरीच ठेवली.