पाणी घातलं नाही

म्हैसूरजवळच्या एका खेड्यात मी दूध संस्थेचा सेक्रेटरी होतो. घरी मराठी, संस्थेत दिवसभर कन्नड. एका सकाळी एक म्हातारी पासबुक घेऊन आली.

"दूध मागच्या आठवड्याएवढंच, मग पैसे कमी का?"

मी रकान्यांवर बोट ठेवलं. "फॅट चार आहे अज्जी, चांगलं आहे. पण एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट अंश, साडेआठ हवं, ते आठच लागलंय, म्हणून भाव उतरला. शिवाय पशुखाद्याच्या पोत्याची कपात."

"मी पाणी घालत नाही!"

"तसं कोण म्हणालं?"

तीनदा समजावलं, तीनदा तेच उत्तर. रांग खोळंबली, बाहेर दूध न्यायला आलेली गाडी हॉर्न वाजवू लागली. शेवटी मी वैतागून ओरडलो, "पाणी असतं तर फॅटही उतरलं असतं! तुमच्या गाईला खाणं कमी पडतंय!"

म्हातारी रांगेकडे वळली. "ऐकलंत सगळ्यांनी?"

रांगेतल्या दोघी-तिघींनी माना खाली घातल्या. ती दुधात पाणी घालते ही कुजबुज तोवर माझ्या कानावर आलीच नव्हती. तिनं पासबुक कमरेला खोचलं आणि भावाबद्दल चकार शब्द न काढता निघून गेली. माझा मात्र घसा बसला होता.